सर, तुम्ही जरा जास्त होताय

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला फोन वाजला. भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात असिस्टंट मॅनेजर, परचेस, या जागेसाठी मी चार दिवसांपूर्वी अर्ज टाकला होता. मेसेज कन्सल्टन्सीतल्या मॅडमचा होता आणि त्यात मराठी, इंग्रजी आणि हात जोडलेला एक इमोजी गुण्यागोविंदानं नांदत होते. "सर, प्रोफाइल खूप छान आहे. पण या रोलसाठी तुम्ही थोडे ओव्हरक्वालिफाइड वाटताय. तरी इंटरेस्टेड आहात का?"

आयुष्यात कमी पडल्याचं मी पुष्कळदा ऐकून घेतलंय. चौथीत स्कॉलरशिपला कमी पडलो, एनसीसीत उंचीला, लग्न ठरताना सासऱ्यांच्या अपेक्षांना. जास्त झाल्याचा ठपका मात्र वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच आला. गंमत म्हणजे दोन्हींचा निकाल एकच लागतो.

आमची कंपनी आपला चाकणचा प्लांट उचलून दुसऱ्या राज्यात घेऊन गेली आणि मला "तिकडे येता का" असं अशा सुरात विचारलं, की नाही म्हणणं हेच सभ्यपणाचं ठरावं. तेव्हा मी परचेसचा एजीएम होतो. हाताखाली चौदा माणसं, वर्षाला चोवीस लाखांचं पॅकेज, आणि केबिनमध्ये एक रबराचं झाड, जे मी नेमानं पाणी घालूनही प्लास्टिकचंच राहिलं. आता ज्या जागेसाठी अर्ज केला होता तिथे हाताखाली दोन माणसं होती आणि जाहिरातीत पगार लिहिला होता दहा ते बारा लाख. तेव्हा मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं बोलणाऱ्या माणसावर आपण जास्तच चिडतो.

पहिलं उत्तर मी चिडूनच लिहिलं. "सत्तावीस वर्षांच्या समृद्ध अनुभवासह" अशी सुरुवात केली आणि मग थांबताच येईना. सत्तर व्हेंडर डेव्हलप केले, अमुक कोटींची बचत केली, दोन जर्मन ऑडिट पार पाडले. चारशे शब्द झाले. बायकोला वाचून दाखवले. ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे लांबलचक उत्तरपत्रिका शांतपणे ऐकायची तिला सवय आहे.

"त्या म्हणाल्या, तुम्ही फार मोठे आहात," ती म्हणाली. "तुम्ही चारशे शब्दांत त्यांचं म्हणणं सिद्ध करून दिलंत."

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "मॅडम, कोणतंही काम चालेल, पगार तुम्ही ठरवाल तो." हे तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "अहो, जो व्हेंडर म्हणतो, साहेब भाव तुम्हीच लिहा, त्याच्याकडून तुम्ही कधी माल घेतलात?"

नव्हता घेतला. एकदाही नाही.

तिसरा विचार मात्र मनात घर करून बसला. बायोडेटाच छाटून टाकला तर? रात्री बसून एमबीए उडवलं, एजीएमचं मॅनेजर केलं आणि पहिली आठ वर्षं काढून टाकली. सकाळी कागद हातात घेतल्यावर लक्षात आलं, की पदवी आणि पहिली नोकरी यांत आठ वर्षांची दरी. मधली आठ वर्षं हा गृहस्थ कुठे होता? तुरुंगात की हिमालयात? शिवाय २०१४पासून पीएफला तो यूएएन नंबर आलाय. एका नंबराखाली तुमच्या नोकऱ्यांची रांग लागलेली असते, आणि नोकरीवर घेण्याआधी पार्श्वभूमी तपासणारी माणसं ती बऱ्याचदा मागून बघतात. बायकोपासून लपलेल्या गोष्टीही तिथे सापडतात. एमबीएचा मुद्दा निराळा, ते या कामाला लागत नसेल तर तळाशी एका ओळीत ठेवलं तरी चालतं. पण पद बदलणं म्हणजे शुद्ध थाप, आणि ती पकडली गेली तर "जास्त शिकलेला" हा आरोप जाऊन तिथे "खोटारडा" येतो. बायोडेटा पुन्हा होता तसा केला.

एव्हाना दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि "ओव्हरक्वालिफाइड" हा शब्द म्हणजे सभ्य नकार तर नव्हे, अशी शंका यायला लागली. आपल्याकडे स्थळ नाकारताना कोणी "मुलगा आवडला नाही" म्हणत नाही, "पत्रिका जुळत नाही" म्हणतात. त्यातला प्रकार असेल तर कशाला जीव आटवायचा? पण या दोन्हींतला फरक ओळखता येतो. नकार असतो तेव्हा मेल येते, तिच्याखाली माणसाचं नाव नसतं, आणि तुमचा बायोडेटा आम्ही संग्रही ठेवू असं त्यात लिहिलेलं असतं. जणू तो लोणच्यासारखा मुरणार आहे. इथे माणसानं माणसाला मेसेज केला होता आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पत्रिका जुळत नाही म्हणणारे "तरी मुलाची इच्छा आहे का?" असं विचारत नाहीत.

मग ती विचारत का होती? हे मला चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण तिच्या धंद्याचे नियम मी स्वतः लिहिले होते. कारखान्यात परचेसवाला फक्त बोल्ट आणि बेअरिंग घेतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात कँटीनच्या तांदळापासून कन्सल्टन्सीच्या करारापर्यंत सगळ्यांचे भाव तोच पाडतो. माणूस मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा रूढ दर वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के असतो. आकडा विचित्र दिसतो, पण त्याचा अर्थ सरळ आहे, वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. मला बारा लाखांवर चिकटवलं तर तिच्या ऑफिसचं बिल एक लाखाचं. पण करारात एक कलम असतं. माणूस ठरावीक दिवसांच्या आत सोडून गेला, तर कन्सल्टन्सीनं दुसरा माणूस फुकट शोधून द्यायचा. आमच्याकडे आधी हे साठ दिवस होते. त्याचे नव्वद मी केले होते, टेबलावर मूठ आपटून, आणि त्याबद्दल एचआरच्या साहेबांनी मला पेढा दिला होता.

तो पेढा आता माझ्या घशात अडकला होता. मॅडमना माझ्या शिक्षणाशी काही देणंघेणं नव्हतं. हा माणूस एक्क्याण्णवाव्या दिवसापर्यंत टिकेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आणि त्यांच्यामागे कारखाना होता. त्याची भीती नव्वद दिवसांत संपणारी नव्हती. ती कळायला मला बायकोकडे बघावं लागलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेत पाचवीला विज्ञान शिकवायला पीएचडी झालेल्या एक बाई आल्या होत्या. शाळेनं हरखून घेतलं, सूचनाफलकावर नाव लावलं. दिवाळीच्या सुट्टीत बाईंना कॉलेजात जागा मिळाली आणि त्या गेल्या. त्या वर्षी पाचवीच्या पोरांनी तीन विज्ञान शिक्षक पाहिले. "त्यांची काही चूक नव्हती," बायको म्हणाली. "पण त्यानंतर असं कुणी आलं, की मी आधी विचारते, तुम्हाला पाचवीच का शिकवायचीय? आणि ज्यांना त्याचं उत्तर देता येत नाही, त्यांना चहा पाजून पाठवते."

म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच पोळीला तूप लावत, समोरच्या पार्टीचा माणूस बसला होता.

तेव्हा मला शेठ आठवले. नागदेवी स्ट्रीटवरचे बोल्टचे व्यापारी. आम्हाला एसएस ३०४चे बोल्ट लागत. एकदा शेठनी ३०४च्याच भावात ३१६चे देऊ केले. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन्ही स्टेनलेस स्टीलच. ३१६मध्ये दोनेक टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्याला, खाऱ्या हवेला जास्त पुरून उरतं, आणि अर्थात महाग असतं. दिसायला दोघं जुळे भाऊ. चुंबक लावूनही फरक कळत नाही, रसायनाचा थेंब टाकून बघावं लागतं. तर असा चढ्या जातीचा माल शेठ साध्या जातीच्या भावात देत होते. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा: का?

परचेसमध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला जास्त चांगला माल कमी भावात मिळाला, की झोप लागत नाही. हा कुठला रिजेक्ट झालेला लॉट तर नाही? ३१६ म्हणून ३०४च खपवतोय का? आणि सगळ्यात मोठी भीती पुढची: आज सवय लावतो, सहा महिन्यांनी म्हणतो, साहेब, आता ३१६चा भाव द्या. शेठना राग आला नाही. त्यांनी एक्स्पोर्टची रद्द झालेली ऑर्डर दाखवली, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट हीट नंबरासकट पुढे ठेवलं आणि म्हणाले, "माल गोडाउनात पडून आहे साहेब, व्याज मला चावतंय." कारण पटलं. पण नुसतं पटून भागत नाही. ठरल्यापेक्षा वेगळा माल घ्यायचा, मग तो चांगला का असेना, तर कारखान्यात डेव्हिएशन नोट करावी लागते. काय मागितलं होतं, काय मिळतंय, का, बसण्या-चालण्यावर परिणाम काय, किमतीवर परिणाम काय आणि ही सवलत कुठपर्यंत. खाली क्वालिटीची सही. त्या कागदाशिवाय सोनं आलं तरी गेटवर थांबतं.

मॅडमना माझ्याकडून हा कागद हवा होता. मी ३०४च्या जागेवर आलेला ३१६चा बोल्ट होतो, आणि गेटवरच्या बाई विचारत होत्या, साहेब, नोट आणलीय का? त्यांना स्वतःला मला आत घ्यायचा अधिकारच नव्हता. त्या फक्त कागद आत नेणार. म्हणजे माझं उत्तर मॅडमना पटून उपयोगाचं नव्हतं, ते त्यांना हातात धरून पुढे नेता यायला हवं होतं. चारशे शब्द कोण नेणार?

मग एक कोरा कागद घेतला आणि रीतसर डेव्हिएशन नोट भरायला बसलो. "काय मागितलं, काय मिळतंय" ही ओळ मॅडमनी भरलेलीच होती. "का" या ओळीवर मात्र बराच वेळ गेला. पहिल्यांदा लिहिलं, धावपळीचा कंटाळा आलाय. वाचल्यावर जाणवलं, की याचा अर्थ "मला आता खुर्चीत डुलक्या घ्यायच्यात" असा होतो. मग स्वतःलाच विचारलं, खरं काय आहे? खरं हे होतं, की शेवटच्या पाच वर्षांत मी कास्टिंगला हात लावला नव्हता. सोमवारी रिव्ह्यू, मंगळवारी रिव्ह्यूच्या तयारीचा रिव्ह्यू, बुधवारी चौदा माणसांच्या रुसव्याफुगव्यांचा निवाडा. मला माणसं सांभाळायची नव्हती, माल सांभाळायचा होता. पंपाच्या कारखान्याच्या जाहिरातीत नेमकं तेच काम होतं: व्हेंडर, रेट, मटेरियल. आणि जागा टेल्को रोडनं आमच्या निगडीतल्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. चाकणला सकाळी सव्वा तास लागायचा आणि संध्याकाळचा हिशेब देवाच्या हाती असायचा. अंतर, तारीख, फिटलेलं कर्ज, ही कारणं लोकांना पटतात, कारण ती तपासून बघता येतात. "मला शिकत राहायला आवडतं" हे कुणालाही तपासता येत नाही, म्हणून कुणी मानतही नाही.

किमतीच्या ओळीवर मी थांबलो. "निगोशिएबल" लिहिणं सोपं होतं, पण व्हेंडरनं हा शब्द वापरला की आम्ही त्याचा अर्थ "आत्ता नाही, नंतर सांगतो" असा लावत असू. आकडा लिहायचा तर आधी घरी हिशेब मांडायला हवा. बारा लाख म्हणजे महिना लाख, असं समजून हो म्हणणारे लोक पहिल्या पगाराच्या दिवशी एचआरच्या दारात उभे असतात. बेसिक निम्मं, पन्नास हजार धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ सहा हजार आणि ग्रॅच्युइटीचे चोवीसशे त्या लाखातच धरलेले असतात. उरल्या रकमेतून माझ्या वाट्याचा पीएफ आणखी सहा हजार, व्यवसाय कर दोनशे. हातात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. नव्या करपद्धतीत एवढ्यावर आयकर लागत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. बायकोनं वहीत घरखर्च काढला, मुलीचं शिक्षण आणि घराचं कर्ज हे दोन्ही रकाने रिकामे सोडले, आणि म्हणाली, "भागतं. तुमचं ते वीकेंडचं नवं हॉटेल शोधणं बंद केलंत तर चांगलं भागतं." आता आकडा लिहायला हात कचरला नाही. बारा मान्य. आणि त्याखाली शेठच्या नोटेवर होती तशीच ओळ: ही किंमत नंतर उकरून काढली जाणार नाही, दरवर्षी सगळ्यांना मिळते ती वाढ तेवढी मिळावी.

बसण्या-चालण्यावर परिणाम. हा रकाना सगळ्यात अवघड, आणि तो का असतो हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या स्टोअरच्या जागेसाठी एक चोपन्न वर्षांचे गृहस्थ आले होते. मोठ्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेले. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं आणि दोनदा माझा प्रश्न सुधारून दिला. मी शेऱ्यात लिहिलं, "ओव्हरक्वालिफाइड, टिकणार नाहीत." ते टिकले असते. मला भीती अशी होती, की ते आल्यावर आठवड्याभरात माझ्या स्टॉकच्या रजिस्टरातली भोकं त्यांना दिसतील. माझा साहेबही कदाचित माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघेल. हे शेऱ्यात लिहिता येत नाही म्हणून तो सोयीचा शब्द लिहिला.

म्हणजे भोसरीतही कुणीतरी माझ्या नावापुढे तेच लिहायला पेन उघडून बसला असणार, आणि तो माझ्याहून लहान असणार. त्याला "मी नम्र आहे" असं लिहून कळवणं हास्यास्पद. नम्रतेचं टेस्ट सर्टिफिकेट कुठली मिल देत नाही. पण एक पुरावा होता. शेवटची दोन वर्षं माझे प्लांट हेड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होते आणि आमचं उत्तम जमलं होतं. त्यांना फोन केला, म्हटलं, रेफरन्स म्हणून तुमचं नाव देऊ का? ते म्हणाले, "बिनधास्त द्या. फक्त तुम्ही मला मीटिंगमध्ये 'बाळा' म्हणाला होतात ते सांगू की नको?" मी म्हटलं, एकदाच म्हणालो होतो. ते म्हणाले, तीनदा.

शेवटचा रकाना: सवलत कुठपर्यंत. इथे बायकोनं पेन हातातून काढून घेतलं. "त्या सुरतेचं काय?"

सुरतेच्या एका कंपनीत मी दोन महिन्यांपूर्वी मुलाखत दिली होती. मोठं पद, बावीस लाख. त्यानंतर तिकडून चिटपाखरू आलं नव्हतं. महाराजांनी सुरत दोनदा लुटली, मला तिथून एकदाही बोलावणं नाही. पण उद्या आलं तर? हा खरा प्रश्न होता, आणि मॅडमनी विचारला होता तोही हाच, फक्त सभ्य कपडे घालून. जाणार असेन, तर आत्ताच "नाही" कळवणं बरं होतं. त्यात मॅडमचा लाख वाचतो, कारखान्याचं वर्ष वाचतं आणि पिंपरी-चिंचवडसारख्या गावात, जिथे परचेसवाले एकमेकांना व्हेंडरच्या चहावरून ओळखतात, आपलं नावही वाचतं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सुरतेला एकट्यानं राहायचं, दर शनिवारी रात्रीची गाडी पकडायची, पुन्हा सोमवारचा रिव्ह्यू. आत येऊन तीन वर्षं लिहिलं. पाच म्हणायचा मोह झाला होता, पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी लागते हेही सांगता आलं असतं. पण जेवढं पाळता येईल तेवढंच लिहावं, नाहीतर पुन्हा समृद्ध अनुभव सुरू होतो.

पाठवलेलं उत्तर असं होतं. मूळ इंग्रजीत होतं, पण माझं इंग्रजी परचेस ऑर्डरचं असल्यामुळे मराठीत काही बिघडत नाही.

"मॅडम, हो, इंटरेस्टेड आहे. गेली पाच वर्षं माझं काम बहुतेक मीटिंग आणि रिव्ह्यूचं होतं. मला पुन्हा व्हेंडर, रेट आणि मटेरियलचं काम हातानं करायचंय, आणि या जागेचं काम तेच आहे. प्लांट घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे. गृहकर्ज फिटलंय. इन-हँडचा हिशेब करून सांगतो, १२ लाख मान्य आहेत आणि नेहमीची वार्षिक वाढ सोडून मी हा विषय पुन्हा काढणार नाही. माझे शेवटचे बॉस माझ्याहून ११ वर्षांनी लहान होते, त्यांचा नंबर रेफरन्ससाठी देतो. किमान ३ वर्षं राहायच्या हिशेबानंच अर्ज केलाय. नोटीस पीरियड नाही, सोमवारी येऊ शकतो. क्लायंटची शंका पगाराबद्दल आहे, अनुभवाबद्दल की पदाबद्दल, हे कळलं तर तेवढ्यापुरतं आणखी लिहून देतो."

नोटीस पीरियडची ओळ मी शेवटी सहज टाकली होती. ती निघाली हुकमाचा एक्का. या धंद्यात तीन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असलेल्या माणसांची वाट बघून कारखाने कंटाळलेले असतात. निवडलेला माणूस त्या तीन महिन्यांत दुसरीकडे जातो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नोकरी गेल्याची जी गोष्ट मी दोन महिने शेजाऱ्यांपासून लपवत होतो, तिला तिकडे "इमिजिएट जॉइनर" असं भारदस्त नाव होतं.

वीस मिनिटांत मॅडमचा फोन आला. "सर, हे असंच्या असं क्लायंटला फॉरवर्ड करू का?"

मी म्हटलं, त्यासाठीच लिहिलंय.

"आणि सर, शंका पगाराची नाही. रिपोर्टिंग मॅनेजर छत्तीस वर्षांचे आहेत. ते म्हणत होते, मी त्यांना कामं कशी सांगू?"

शेरा लिहिणारा सापडला होता.

हीच नोट मी त्या आठवड्यात आणखी एका ठिकाणी पाठवली होती. तिथून उत्तर आलंच नाही. ती जागा चार वर्षांच्या अनुभवाची होती, पगार सहा लाख, आणि तिथे कसलाही कागद चालला नसता. ३१६चा बोल्ट ३०४च्या जागी बसतो, सेफ्टी पिनेच्या जागी बसत नाही.

भोसरीच्या मुलाखतीला निघताना बायकोनं एकच नियम घालून दिला. "आमच्याकडे तेव्हा" या शब्दांनी एकही वाक्य सुरू करायचं नाही. पाळायला हा किती कठीण आहे ते पंचविशी ओलांडलेल्या अनुभवाच्या माणसालाच कळेल. छत्तीस वर्षांचे साहेब मला स्टोअर दाखवत होते. नवीन आलेले गॅस्केट जुन्यांच्या पुढे रचले होते, म्हणजे नवे आधी जाणार आणि जुने मागे कडक होत बसणार. एका बिनवर दोन लेबलं होती आणि दोन्ही चुकीची. माझ्या जिभेनं आतून दातांवर धडका मारल्या. मी म्हटलं, "उजेड छान आहे."

शेवटी त्यांनीच विचारलं, "सर, खरं सांगा, आल्या आल्या काय बदलाल?"

"पहिला महिना काहीच नाही," मी म्हटलं. "महिन्यानं एक यादी तुम्हाला देईन. त्यातलं काय करायचं ते तुम्ही सांगा."

ते हसले. मग हळूच म्हणाले, "गॅस्केट दिसले ना तुम्हाला?"

"दिसले."

"मलाही दिसतात. पण माणूस नाही."

मी रुजू झालो. पहिला आठवडा सगळे "सर" म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यात स्टोअरमधल्या पोरानं "काका" म्हटलं आणि महिन्याअखेर साहेबही त्यावर आले. पदावनती म्हणावी की बढती, हे अजून ठरलेलं नाही. गॅस्केट सरळ लागले. यादीत सतरा गोष्टी होत्या, साहेबांनी पाच निवडल्या, आणि त्या पाचांत माझ्या लाडक्या तीन नव्हत्या.

मग एके दिवशी दुपारी फोन वाजला. मॅडम होत्या. "सर, कसं चाललंय? सहज केला. एक ओपनिंग आलंय, अगदी तुमच्या लेव्हलचं. टीम मोठी आहे, वीस-बावीसपर्यंत देतील. इंटरेस्टेड आहात का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटांवर दिवस मोजले. एक्क्याण्णव. काल संध्याकाळी त्यांची हमी संपली होती. पेढ्याची चव जिभेवर आली.

मी क्षणभर थांबलो. खरं सांगायचं तर दोन क्षण.

"मॅडम," मी म्हटलं, "नव्वद दिवसांचं कलम तुमचं. माझी नोट तीन वर्षांची आहे."

त्या मनापासून हसल्या. "बरं सर, मग तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" आणि मी विचार करतोय तोवर घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "पण फार सीनियर नको हं."